न्हाणीघरातले कढत पाणी

बहुतेक घरांत गिझरचे पाणी ६० अंशांपर्यंत तापते. आजी किंवा नातवंड शॉवरखाली असताना कुणी फ्लश ओढला, की थंड पाण्याचा जोर घटतो आणि साध्या मिक्सरमधून कढत पाणीच अंगावर येते. मोठ्यांची कातडीही त्याने पाचेक सेकंदांत भाजते. म्हणून भारी फरशीआधी थर्मोस्टॅटिक मिक्सर घ्यावा, असे आम्हांस वाटते. त्यातली मेणाची कुपी उष्णतेने फुगून गरम पाण्याची वाट आवळते. थंड पाणी बंदच पडले, तर गरमही अडवते. मात्र जड पाण्याचा क्षार साचला की ती अडकते. वर्षातून एकदा अंग बाजूला ठेवून थंड पाण्याचा कॉक बंद करून पाहावा. गरम धार काही सेकंदांत थांबली नाही, तर आतले कार्ट्रिज साफ करावे किंवा बदलावे.