‘तुम्ही’ पुरेसं आहे, पण ते क्रियापदापर्यंत पोहोचायला हवं

माझा भाचा पुण्यात खोली शोधत होता. आधी त्याच्याच वयाच्या एका मुलाला त्याने मेसेज टाकला होता: ‘तुझी खोली अजून रिकामी आहे का? भाडं किती घेणार आहेस ते सांग. तू कधी घरी असतोस? फोटो पाठव.’ तिथे जमलं नाही. मग सदाशिव पेठेतल्या एका सत्तरीच्या गृहस्थांचा नंबर मिळाला. मूळ मेसेज कॉपी करून, थोडे शब्द बदलून त्याने त्यांना पाठवायचं ठरवलं, आणि पाठवण्याआधी मला दाखवला. तो असा होता:

‘हाय काका, तुमची खोली अजून रिकामी आहे का? सकाळी फोन केला तर तुमची बायको म्हणाली की तुम्ही बाहेर गेलायस. भाडं किती घेणार आहेस ते सांगा. तुम्ही कधी घरी असता? फोटो पाठव प्लीज.’

हेतू अगदी सरळ. पण हा मेसेज मूळच्या ‘तू’पेक्षाही वाईट वाचला जातो. नुसतं ‘तू’ असतं तर पोराची बोलण्याची रीतच तशी, असं समोरच्याने मानलं असतं. कोकणातल्या, वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत मोठ्यांनाही ‘तू’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. पण ‘तुम्ही गेलायस’ वाचणाऱ्याला लगेच कळतं की मजकूर दुसऱ्या कुणासाठी लिहिलेला होता आणि आपल्यासाठी तो नीट वाचायचीही तसदी घेतलेली नाही.

आदर असतो कुठे?

मराठीत सर्वनाम गाळलं तरी वाक्य चालतं. ‘कधी येताय?’ यात ‘तुम्ही’ नाही, तरी आदर आहे, ‘कधी येतोयस?’ यात ‘तू’ नाही, तरी तो ऐकू येतो. म्हणजे आदर क्रियापदाच्या शेपटीत बसलेला असतो. फोनवर शब्द शोधून बदलणारे ‘तू’, ‘तुझा’, ‘तुला’ एवढंच शोधतात आणि शेपटी तशीच राहते. भाच्याच्या मेसेजमध्ये नेमकं ‘घेणार आहेस’ राहिलं होतं, कारण त्या वाक्यात सर्वनामच नव्हतं.

ते पकडायची सोपी खूण आहे. मेसेज पूर्ण झाला की क्रियापदांची शेवटची अक्षरं वाचा. आहेस, असतोस, आलास, म्हणालीस: शेवटी ‘स’ दिसला की ‘तू’ उरलं आहे. त्या ‘स’च्या जागी बहुधा ‘त’ येतो (आहात, आलात, म्हणालात), नाहीतर शेवट ‘असता’, ‘येता’ असा होतो. ‘येशील’, ‘सांगशील’मधला ‘शील’ही ‘तू’चाच; त्याचं ‘याल’, ‘सांगाल’ होतं. राहता राहिली आज्ञा: पाठव, सांग, बघ. तिथे ‘स’ नसतो, म्हणून ती नजरेतून सुटते. ‘पाठव प्लीज’मधला ‘प्लीज’ आज्ञेला मऊ करत नाही. ‘पाठव’ ते ‘पाठव’च.

या बदलात एक फायदाही आहे. ‘असतोस’ की ‘असतेस’, ‘आलास’ की ‘आलीस’, हे समोरचा बाई की पुरुष ते ठाऊक असल्याशिवाय लिहिता येत नाही. ‘असता’, ‘आलात’ दोघांनाही चालतं. नंबरापुढे नुसती आद्याक्षरं असतील तर ‘तुम्ही’ आणि सुरुवातीला साधा ‘नमस्कार’ एवढ्यावर निभावतं. काका की काकू हे नंतर कळलं तरी चालतं.

दुसरी चूक भाच्याला दिसलीच नव्हती. ‘तुमची बायको म्हणाली’ यात गृहस्थांना ‘तुम्ही’ आहे, पण त्यांच्या पत्नी एकेरीत गेल्या. अनोळखी वडीलधाऱ्यांच्या घरातल्या मोठ्या माणसांनाही तोच मान द्यावा लागतो: ‘काकू म्हणाल्या’. स्वतःच्या सख्ख्या काकूबद्दल मात्र ‘काकू म्हणाली’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. घरातली एकेरी जवळीक असते. परक्याच्या घरातली आगाऊपणा.

मग ‘आपण’ का नको?

हे सगळं सांगितल्यावर भाचा दुसऱ्या टोकाला गेला. ‘आदरणीय महोदय, आपली खोली रिक्त आहे काय? आपण किती भाडे द्यायचे? आपण केव्हा भेटायचे?’ आता यातली भाडे देणारी माणसं कोण? ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून सगळे, असे दोन्ही अर्थ मराठीत नांदतात. ‘आपण आलात’ आणि ‘आपण आलो’ यांत क्रियापद सोडवणूक करतं, पण ‘द्यायचे’, ‘भेटायचे’ अशा रूपांत तेही मदतीला येत नाही. ‘आपली खोली’ तर आणखी मजेशीर: भाडं ठरायच्या आतच खोली दोघांची झाली.

‘आपण’कडे धावण्यामागे माझ्या मते हिंदीचा धाक आहे. हिंदीत ‘तू’, ‘तुम’, ‘आप’ अशा तीन पायऱ्या आहेत आणि मोठ्या अनोळखी माणसाला ‘तुम’ म्हटलं तर ते कमी पडतं. त्यामुळे मराठी ‘तुम्ही’ही मधलीच पायरी असावी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सासऱ्यांना, शिक्षकांना, डॉक्टरांना आपण पिढ्यान् पिढ्या ‘तुम्ही’च म्हणत आलो आहोत आणि त्यात काही कमी नाही. ‘आपण’ला लग्नपत्रिकेत, सभेत, कार्यालयीन पत्रात जागा आहे. खोली मागायच्या मेसेजमध्ये ते नोटिशीसारखं दिसतं. शिवाय ते शेवटपर्यंत टिकत नाही; तिसऱ्या ओळीत ‘तुमचा पत्ता’ येतोच. समोरच्यांनी स्वतः ‘आपण’ वापरलं, तर मात्र उत्तरात तेच ठेवावं.

शेवटी जो मेसेज गेला तो असा: ‘नमस्कार काका. तुमच्या खोलीची माहिती मित्राकडून मिळाली. सकाळी फोन केला होता, तेव्हा काकू म्हणाल्या की तुम्ही बाहेर गेला आहात. खोली अजून रिकामी आहे का? भाडं आणि डिपॉझिट किती ते कळवाल का? खोलीचे एक-दोन फोटो पाठवता आले तर बरं होईल. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा आम्ही दोघं बघायला येऊ.’

‘कळवा’ही चाललं असतं, ती आदरार्थी आज्ञाच आहे. पण पहिल्याच ओळखीत आपण काही मागत असतो तेव्हा ‘कळवाल का’ बरं, कारण त्यात नाही म्हणायची मोकळीक राहते. आणि ‘आम्ही दोघं’च हवं. ‘आपण दोघं बघायला येऊ’ लिहिलं असतं तर काकांनाही स्वतःची खोली बघायला जावं लागलं असतं.

‘काका’ हे संबोधन मी राहू दिलं. बायकांच्या बाबतीत ते इतकं सोपं नसतं. साठीच्या बाईंना ‘आजी’ म्हटलेलं खटकू शकतं, आणि ‘मावशी’ शहरात बऱ्याचदा कामाला येणाऱ्या बाईंसाठी वापरतात. ‘काकू’ किंवा ‘मॅडम’ यांत धोका कमी.

संध्याकाळी उत्तर आलं: ‘रविवारी अकराला ये. निघताना फोन कर.’ भाच्याने विचारलं, ‘ते ‘ये’ म्हणाले, मग मी आता ‘तू’वर यायचं का?’ नाही. मोठ्या माणसाने ‘तू’ म्हणणं ही त्यांच्या बाजूची सूट असते, ती दोन्हीकडून लागू होत नाही. त्याने लिहिलं, ‘हो काका, करतो.’