डिओ ठेवा बाजूला, फॅन लावा!

कम्प्युटर लॅबच्या दारावर 'चपला-बूट बाहेर काढावेत' असा बोर्ड असतो. उन्हाळ्यात तो कुणी वाचतही नाही. जुलैमध्ये मात्र तो बोर्ड दिसला की काही जण हळूच मागे सरकतात. कुणी म्हणतं 'तुम्ही जा, मी आलोच', तर कुणी प्रॅक्टिकलच बंक करतं. कारण सगळ्यांना माहीत असतं, पण बोलत कुणीच नाही, कारण वास म्हटलं की आपल्याकडे लगेच 'अंघोळ करतोस ना रे?' असा प्रश्न येतो. माझं म्हणणं आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. पावसाळ्यात बुटांना येणारा वास बहुतेक वेळा अस्वच्छपणाचा नसतो, तो न सुकण्याचा असतो.

टिटवाळ्याहून कल्याणला किंवा त्याच्याही पुढे कॉलेजला जाणाऱ्याचा दिवस बघा. रिक्षा स्टँडपर्यंतच्या चिखलात बूट भिजतो. मग आंबिवली, शहाड करत गच्च भरलेल्या लोकलमध्ये पाय उकडतात. दिवसभर तोच बूट पायात. संध्याकाळी घरी आलं की तो शू-रॅकच्या बंद कप्प्यात जातो आणि सकाळी दमटच बाहेर निघतो. एकीकडे काळू नदी, दुसरीकडे चार महिने पाऊस, त्यामुळे इथली हवाच ओली असते. अशा हवेत बूट नुसता ठेवून एका रात्रीत सुकत नाही.

आता वास येतो कुठून? ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. आपल्या त्वचेवर राहणारे जीवाणू त्या घामातले घटक खातात आणि आयसोव्हॅलेरिक ॲसिड नावाचं आम्ल तयार करतात. तो जो आंबूस, जुन्या चीजसारखा वास येतो, तो या आम्लाचा. जीवाणूंना खायला घाम आणि मेलेली त्वचा मिळते, ऊब पायाची मिळते. यातलं काहीच आपण बंद करू शकत नाही. आपल्या हातात फक्त एक गोष्ट आहे, ओल. म्हणून क्रम असा हवा: आधी सुकवणं, मग वास शोषणं आणि शेवटी जीवाणूंचा बंदोबस्त. आपण नेमकं उलट करतो. ओल्या बुटात डिओ मारतो आणि मग आंबूस अधिक लव्हेंडर असा तिसराच वास घेऊन फिरतो.

सुकवणं म्हणजे काय, ते नीट बघू. घरी आल्या आल्या लेस सैल करा, जीभ पूर्ण बाहेर ओढा आणि आतला सोल काढा. घामाचा मोठा भाग त्या सोलमध्येच असतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तास-दोन तासांनी ते ओले लागतील, तेव्हा काढून नवे घाला. ओले बोळे रात्रभर आत ठेवले तर काही उपयोग नाही. झोपताना बोळे काढा आणि बूट तिरपा उभा करून त्याचं तोंड टेबल फॅनकडे करा. फॅन गरम करत नाही, तो बुटातली दमट हवा हलवतो, आणि तेच महत्त्वाचं आहे. साधारण 50 वॅटचा फॅन आठ तास चालला तरी अर्धं युनिटही वीज लागत नाही. गॅसजवळ ठेवणं किंवा हेअर ड्रायर फुल करणं टाळा. गोंद सुटतो आणि सोल तोंड वासतो.

सुकला की नाही, हे हात लावून कळत नाही. त्यासाठी किचनमधला डिजिटल काटा घ्या. (आईला आधी सांगा आणि खाली पेपर घाला.) समजा तुमचा कोरडा बूट 300 ग्रॅमचा आहे. कोरड्या दिवशी हे वजन एकदा लिहून ठेवा. पावसातून आल्यावर काटा 370 दाखवतो, म्हणजे आत 70 ग्रॅम पाणी आहे. पेपरच्या दोन फेऱ्यांनंतर तो 330 वर आला आणि फॅनखाली सकाळपर्यंत 303 झाला, तर घाला. 320 वरच अडकला असेल तर तो बूट आज घालू नका.

याच हिशेबाने सिलिका जेलच्या पुड्यांचं सत्यही कळतं. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी धरतं. 5 ग्रॅमची पुडी म्हणजे दीड ग्रॅम पाणी. वरचे 70 ग्रॅम शोषायला चाळीसहून जास्त पुड्या लागतील! शोषणाऱ्या वस्तू ओल्या बुटासाठी नसतातच, त्या सुकलेल्या बुटात उरलेल्या वासासाठी असतात. त्यात खाण्याचा सोडा बेस्ट. तो अल्कलीधर्मी असल्याने त्या आम्लाशी संयोग पावतो आणि वास खरंच कमी होतो. चमचाभर सोडा सुक्या सोलवर भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी झटका. सकाळी गोळे झालेले दिसले तर समजा, बूट अजून ओला होता. लेदरवर सोडा नको, ते कोरडं पडतं. आणि सोडा-व्हिनेगर एकत्र टाकू नका. फेस मस्त येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात.

आता जीवाणू. सोल साबणाच्या पाण्यात ब्रशने धुवा, पूर्ण सुकवा आणि मग त्यावर 70 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर स्प्रे करा. न धुता मारलं तर ते मळाच्या थराखाली पोहोचत नाही. बूट फ्रीझरमध्ये ठेवायचा व्हायरल जुगाड विसरा. थंडीत बहुतेक जीवाणू मरत नाहीत, गप्प बसतात आणि पायाची ऊब मिळाली की कामाला लागतात.

खेळणाऱ्यांसाठीही हाच नियम. कबड्डीचे नी-कॅप, फुटबॉलचे शिन गार्ड, बॅटिंग ग्लव्हज यांचा खरा शत्रू म्हणजे चेन लावलेली किट बॅग. प्रॅक्टिसनंतर त्याच रात्री सगळं बाहेर काढून फॅनखाली पसरा. कापडी नी-कॅप धुता येतात. लेदरचे ग्लव्हज मशीनमध्ये टाकू नका, आतून ओल्या फडक्याने पुसा आणि बोटं मोकळी करून सुकवा.

एवढं करूनही वास गेला नाही तर पाय बघा. बोटांच्या बेचक्यात खाज, सोललेली पांढरी त्वचा किंवा तळव्यावर बारीक खड्डे दिसले, तर तो संसर्ग असू शकतो. तिथे सोडा चालत नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

'दोन जोड आलटून पालटून वापरा' हा सल्ला सगळे देतात, पण अनेकांकडे एकच जोड असतो. त्यांनी सोलचा दुसरा जोड घ्यावा, तो बुटापेक्षा खूपच स्वस्त पडतो. प्रवासात फ्लोटर्स घालावेत आणि कोरडे मोजे-बूट बॅगेतून न्यावेत.

आणि इथेच कॉलेजांनाही एक सांगणं आहे. युनिफॉर्मच्या नावाखाली भर पावसात बंद काळे बूट सक्तीचे का? जून ते सप्टेंबर सँडल चालवून घ्या. केमिस्ट्री लॅब आणि वर्कशॉपमध्ये बंद बूट हवेतच, ते तिथे पोहोचल्यावर बदलता येतील. जिमखान्यात एक जाळीचं रॅक आणि भिंतीवरचा एक फॅन लावा. खर्च फार नाही, आणि रूम फ्रेशनरपेक्षा त्याचा उपयोग नक्कीच जास्त होईल.