भर दुकानात मुलाने लोळण घेतली तर?

दिवाळीच्या आधी नंदुरबारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. जनरल स्टोअरमध्ये अडीच वर्षांच्या मुलाला खेळण्यातली गाडी दिसते. तुम्ही "आज नाही" म्हणता आणि ते भोकाड पसरून जमिनीवर लोळण घेते. सगळे बघू लागतात. सोबतची आजी म्हणते, "दे गं घेऊन, लोक काय म्हणतील?"

माझे मत स्पष्ट आहे. गाडी द्यायचीच असेल तर पहिल्यांदा मागितली तेव्हाच द्या. पाच मिनिटे रडल्यावर दिलीत, तर किती वेळ रडले की वस्तू मिळते, हेच मूल शिकते. कधी देणे आणि कधी न देणे हे तर त्याहून वाईट. मागे एकदा मिळाली होती, या आशेवर मूल जास्त वेळ रडते.

ओरडून किंवा फटका देऊनही उपयोग नाही. या वयात राग आवरणारा मेंदूचा भाग अजून कच्चा असतो. मूल तुम्हाला त्रास द्यायला हे करत नाही. त्याला स्वतःला थांबवताच येत नाही. तुमच्या ओरडण्याने त्यात फक्त भीतीची भर पडते.

मग काय करायचे? आधी मुलाला काच, पायरी किंवा रस्त्यापासून दूर घ्या. त्याच्या उंचीला खाली बसा आणि हळू आवाजात एकदाच सांगा, "तुला गाडी हवी होती, म्हणून राग आलाय. आज गाडी घ्यायची नाही." मग गप्प राहा. समजावू नका, चॉकलेटचे आमिष दाखवू नका. तेही हार मानणेच आहे. रडणे थांबत नसेल तर दुकानदाराला "सामान बाजूला ठेवा, आलोच" असे सांगून मुलाला उचला आणि बाहेर एखाद्या शांत जागी जवळ घेऊन बसा. बहुतेक वेळा काही मिनिटांत भर ओसरतो. मग पाणी पाजा, कुशीत घ्या आणि परत जाऊन राहिलेली खरेदी पूर्ण करा. गाडी मात्र घ्यायची नाही.

सुरुवातीला एक-दोनदा मूल पूर्वीपेक्षा जोरात रडेल. जुना उपाय चालेना, म्हणून ते जोर लावते. नेमके याच वेळी बहुतेक आईबाबा हार मानतात. म्हणून एकाने नाही म्हटले की दुसऱ्याने हो म्हणायचे नाही, हे आजी-आजोबांशी घरीच ठरवा. आणि भुकेल्या किंवा झोप आलेल्या मुलाला बाजारात नेऊ नका.

रडताना मूल श्वास रोखून निळे पडले किंवा बेशुद्ध झाले, तर त्याला कुशीवर झोपवा, तोंडात पाणी घालू नका. बहुधा मिनिटभरात श्वास परत सुरू होतो. तसे झाले नाही तर लगेच दवाखाना गाठा. श्वास आला तरी डॉक्टरांना नक्की दाखवा. अशा मुलांमध्ये पुष्कळदा लोहाची कमतरता असते आणि ती औषधाने भरून काढता येते.