कुटलेली गोळी आणि कोसळलेला रक्तदाब

पक्षाघाताचा झटका येऊन तीन आठवडे झालेल्या एका अडुसष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला घरच्यांनी सकाळी दहाच्या सुमारास धामणगावला आणले. अंग घामाने ओले, हाक मारली तरी धड उत्तर नाही. 'दुसरा झटका आला' असे सगळे धरून चालले होते. रक्तातील साखर ठीक होती, पण रक्तदाब ८०/५० होता. पाय वर घेऊन सलाईन सुरू केले आणि दुपारपर्यंत म्हातारबुवा बोलू लागले. झटका नव्हताच. मग सकाळी काय काय दिले, हे सुनेला विचारले. ती म्हणाली, "बाबाले गोया गियता येत नाही, म्हून सगया एकासंगच कुटून देल्या."

तिने आणलेल्या स्ट्रिपा पाहिल्यावर उलगडा झाला. रक्तदाबाची गोळी निफेडिपिन रिटार्ड २० मिलिग्रॅमची होती. खाजगी दवाखान्यातून सुटी होताना ती लिहून दिलेली होती आणि औषध बरोबरच होते. पण 'यांना गिळता येते का' हा प्रश्न सुटीच्या वेळी कोणी विचारला नव्हता.

निफेडिपिन हे औषध मुळात फार लवकर काम करते आणि फार लवकर संपते. साधारण दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून कंपनीने ते अशा गोळीत बसवले, की ते दहा-बारा तास थोडे थोडे झिरपत राहावे. 'रिटार्ड' या शब्दाचा अर्थ तोच. म्हणजे दिवसभराचा परिणाम औषधाचा नसून गोळीच्या बांधणीचा आहे. गोळी खलबत्त्यात कुटली की ती बांधणी मोडते आणि बारा तासांचा डोस अर्ध्या-एक तासात रक्तात उतरतो.

असे झाल्यावर काय होते, हे माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिलेले आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा वाढलेला रक्तदाब झटपट उतरवायला निफेडिपिनची पातळ औषधाची कॅप्सूल टोचून जिभेखाली देत असत. रक्तदाब उतरायचा, पण कधी कधी इतका की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाच कमी पडायचा. १९९६ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत थांबवा, असे स्पष्ट आवाहन करणारा लेख आला आणि हळूहळू ती मागे पडली. रिटार्ड गोळी कुटून देणे म्हणजे तीच जुनी चूक घरी नकळत पुन्हा करणे. रुग्णालयातही ती होऊ शकते. २००३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या एका नोंदीत, नाकातील नळीतून कुटलेली निफेडिपिनची लांब पल्ल्याची गोळी आणि लॅबेटॅलॉल दिल्यावर एका महिलेचा रक्तदाब कोसळला. तिला वाचवण्यात आले. दुसऱ्या दिवशी तीच औषधे त्याच पद्धतीने पुन्हा दिली गेली आणि ती दगावली.

हा घोटाळा ओळखायचा कसा? गोळी दिल्यापासून तासाभरात चेहरा लाल होणे, धडधड, डोके दुखणे, चक्कर किंवा ग्लानी येणे ही पहिली खूण. दुसरी खूण उलटी आहे. सकाळीच सगळे औषध संपल्यामुळे संध्याकाळी रक्तदाब पुन्हा चढलेला दिसतो. मग 'गोळी पुरत नाही' असे वाटून डोस वाढवला जातो आणि दुसऱ्या दिवशीची घसरण आणखी खोल होते. म्हणून रक्तदाब खालीवर होत असेल, तर गोळी कशी दिली जाते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आमच्या रुग्णाला आम्ही पुढे अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम दिले. हे निफेडिपिनच्याच कुळातले औषध, पण स्वभावाने वेगळे. ते मुळातच शरीरात रेंगाळते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला तीस ते पन्नास तास लागतात. दिवसभराचा परिणाम औषधातच असल्यामुळे साधी गोळी कुटली तरी काही बिघडत नाही. सरकारी दवाखान्यात रक्तदाबासाठी मोफत मिळते ती बहुधा हीच गोळी. लोक तिला 'साधी' म्हणून कमी लेखतात, पण गिळता न येणाऱ्या माणसासाठी हे साधेपण सोयीचे ठरते.

त्याच पुडीत आणखी दोन गोळ्या होत्या. पॅन्टोप्राझोलवर जठरातील आम्लापासून वाचवणारे आवरण असते. ते मोडले की औषध आम्लातच नष्ट होते. अपाय नाही, पण उपयोगही नाही. अशा वेळी गोळीची खरेच गरज आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारावे. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीवर असेच आवरण होते. तिच्या जागी पाण्यात विरघळणारी अ‍ॅस्पिरिन दिली.

गोळी अर्धी करण्याचा नियम थोडा वेगळा आहे. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही लांब पल्ल्याच्या गोळ्यांवर मधोमध रेघ असते. त्या अनेक बारीक मण्यांच्या बनलेल्या असतात आणि प्रत्येक मण्याला स्वतःचे आवरण असते. रेघेवर दोन तुकडे केले तरी मणी शाबूत राहतात, कुटले तर फुटतात. म्हणजे अर्धी चालते, पूड चालत नाही. रेघ नसेल तर विचारल्याशिवाय तोडू नये.

औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर किंवा रिटार्ड असे असेल, तर ती गोळी कुटायची नाही. पण दुकानात स्ट्रिप कापून चार-सहा गोळ्या दिल्या जातात आणि नेमका नावाचा भाग दुकानदाराकडेच राहतो. नाव असलेला तुकडा मागून घ्या. अक्षरे नसली तरी निर्धास्त होऊ नका, एकदा विचारा.

मग गिळता येत नसेल तर काय करावे? पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर होत असेल, तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. अशा माणसाला पूड पाण्यात कालवून दिली, तर तीही श्वासनलिकेत जाऊ शकते. काहींना दाटसर दह्याच्या चमच्यात अख्खी गोळी गिळता येते, पण ते तपासणीनंतर ठरवायचे. डॉक्टरांकडे पातळ औषध, पाण्यात विरघळणारी गोळी किंवा त्याच कामाचे साधे औषध मागा. मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर असेल, तर साधी मेटफॉर्मिन दिवसातून दोन-तीनदा विभागून देता येते. असा बदल डॉक्टरांनीच करायचा. एसआर बंद करून घरच्या घरी साधी गोळी सुरू करू नये.

नळीतून औषध द्यायचे असेल, तर कुटण्याची परवानगी असलेली प्रत्येक गोळी वेगळी कुटावी आणि वेगळीच द्यावी. आधी व नंतर साधारण ३० मिली पाणी सोडावे, दोन औषधांच्या मध्येही थोडे पाणी द्यावे. पूड नळीतून द्यायच्या जेवणात मिसळू नये. नळी तुंबते आणि किती औषध पोचले हे कळत नाही.

त्या सुनेने काळजीपोटीच गोळ्या कुटल्या होत्या. सुटीच्या कागदावर 'गिळता येते का? कोणती गोळी कुटायची नाही?' एवढी एक ओळ असती, तर म्हातारबुवांना इथवर यावे लागले नसते. तोवर ही ओळ नातेवाइकांनीच, दवाखान्यातून निघण्याआधी, विचारून घ्यावी.