"यातलं किती टक्के एआयचं?" हा प्रश्नच चुकीचा आहे



व्हिडिओत आपण एआयकडून कच्चा मसुदा घेऊन तो आपल्या भाषेत कसा आणायचा ते पाहिलं. त्यात एक मुद्दा वेळेअभावी राहिला, तो इथे सविस्तर लिहितोय. हल्ली काही खरेदीदार आणि प्रदर्शनवाले अर्जातला मजकूर डिटेक्टरमध्ये टाकतात. "७० टक्के एआय" असं आलं की अर्ज बाजूला. माझं मत स्पष्ट आहे: माणूस आणि मशीन दोघांचा हात लागलेल्या मजकुरावर हा आकडा विश्वासाचा नाही, आणि त्यावरून कोणाचा धंदा अडवणं बरोबर नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा धडगावकडच्या एका बचत गटाला आमचूर विकायचा आहे. गटातल्या ताईंनी मोबाईलवर बोलून माहिती दिली: कैऱ्या कुठल्या झाडांच्या, काप कसे वाळवतात, ओल लागली की काप काळपट कसे पडतात. त्यावरून एआयने मसुदा दिला आणि ताईंनी तो दुरुस्त केला. शेवटी दहा वाक्यं झाली. पहिलं-दुसरं वाक्य एआयचं, जसंच्या तसं. तिसरं एआयचं, पण त्यातला वाळवण्याचा काळ ताईंनी बदलला. चौथं, पाचवं, सहावं पूर्ण ताईंचं. सातवं ताईंनी सांगितलेलं, पण शब्द एआयचे. आठवं-नववं एआयचं. दहावं परत ताईंचं.

आता सांगा, एआय किती टक्के? हात न लावलेली वाक्यं मोजली तर पहिलं, दुसरं, आठवं, नववं, म्हणजे ४० टक्के. तिसरं आणि सातवं धरलं तर ६० टक्के. आणि शब्द सोडून माहिती कोणाची हे पाहिलं, तर समजा पहिलं आणि नववं ही दोनच वाक्यं अशी की ज्यात ताईंनी दिलेलं काहीच नाही. मग २० टक्के. तिन्ही हिशोब बरोबर आहेत. जिथे माणसालाच एक उत्तर देता येत नाही, तिथे मशीन कुठल्या उत्तराशी ताडून बघणार?

दुसरी अडचण डिटेक्टरच्या कामाच्या पद्धतीत आहे. डिटेक्टरला लिहिणारा दिसत नाही, फक्त शब्द दिसतात. पुढचा शब्द किती अपेक्षित होता, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, अशा खुणांवरून तो अंदाज बांधतो. एका वाक्यात या खुणा फार थोड्या मिळतात, म्हणून काही साधनं चार-पाच किंवा जास्त वाक्यांचा घास एकदम घेतात, मग एक वाक्य पुढे सरकून पुढचा घास, असं करत सरासरी काढतात. टर्नइटिन हे कॉलेजांत वापरलं जाणारं साधन साधारण पाच ते दहा वाक्यांचे असेच एकमेकांवर चढणारे तुकडे तपासतं.

आता ताईंचं पाचवं वाक्य बघा. पाच-पाच वाक्यांचे घास घेतले तर ते पाच घासांत येतं: १ ते ५, २ ते ६, ३ ते ७, ४ ते ८ आणि ५ ते ९. या प्रत्येक घासात एआयचा हात लागलेली दोन किंवा तीन वाक्यं आहेतच. म्हणजे ताईंचं शंभर टक्के स्वतःचं वाक्य एकदाही एकटं तपासलं जात नाही. शेजाऱ्याचा रंग त्याला लागतो. हेच उलटही होतं: ताईंच्या वाक्यांमध्ये अडकलेलं एआयचं वाक्य माणसाचं म्हणून सुटून जातं.

हा नुसता माझा तर्क नाही. २०२३ मध्ये टर्नइटिननेच सांगितलं की माणसाची जी वाक्यं चुकून एआयची ठरली, त्यातली ५४ टक्के खऱ्या एआय वाक्याला अगदी लागून होती. म्हणजे चूक नेमकी सांध्यावर होते, आणि दुरुस्त केलेला मजकूर म्हणजे सगळे सांधेच. आज तेच साधन १ ते १९ टक्क्यांमध्ये नेमका आकडा दाखवत नाही, फक्त चांदणीची खूण देतं.

ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला होता. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये तो बंद झाला. त्याला किमान १००० अक्षरं लागायची आणि तो इंग्रजीसाठीच वापरा असं कंपनी सांगायची. आपल्या ताईंची दहा छोटी वाक्यं, तीही मराठीत, मध्येच एखादा अहिराणी किंवा भिल्ली शब्द. विचार करा, अंदाज बांधायला कितीसं हाती लागणार?

काही लोक म्हणतील, मग डिटेक्टर कचऱ्यात टाकायचे का? तसं नाही. लांबलचक, इंग्रजी, जसाच्या तसा चिकटवलेला मजकूर असेल तर चांगली साधनं बऱ्यापैकी ओळखतात. फसवणूक रोखायची खरेदीदाराची गरजही खरी आहे. पण त्याला काळजी कशाची असायला हवी? समजा एआयच्या आठव्या वाक्यात आलं, "आमचा आमचूर १०० टक्के ऑरगॅनिक आहे." गटाकडे तसं प्रमाणपत्र नाही. दुकानातून विकल्या जाणाऱ्या मालावर प्रमाणपत्राशिवाय असा दावा चालत नाही. हे वाक्य डिटेक्टरने पकडलं काय नि सोडलं काय, खरं-खोटं त्याला कळतच नाही. आणि ताईंनी तेच वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं असतं, तर ते "शुद्ध मानवी" ठरून पास झालं असतं!

म्हणून खरेदीदारांना माझं सांगणं, टक्के विचारू नका, दावे विचारा. पाकिटावर एफएसएसएआय क्रमांक ज्याचा, जबाबदारी त्याची. वाक्य कोणी जुळवलं याने ती बदलत नाही.

आणि तुम्ही, जे असा मजकूर तयार करता, तीन गोष्टी जपून ठेवा. पहिली, तुमचं मूळ बोलणं: व्हॉइस नोट किंवा वहीतलं पान. दुसरी, एआयचा न बदललेला मसुदा. तिसरी, बदलांचा इतिहास. गूगल डॉक्समध्ये काम केलंत तर File → Version history → See version history इथे कुठल्या वेळी काय बदललं ते दिसतं. मात्र त्यासाठी मसुदा आधी तिथे चिकटवा आणि तिथेच दुरुस्त करा. बाहेर सगळं तयार करून शेवटी आणून टाकलंत तर इतिहासात एकच नोंद राहील आणि तुमची मेहनत दिसणारच नाही.

कोणी आकडा तोंडावर फेकला तर वाद घालू नका. ही तीन कागदं पुढे ठेवा आणि सांगा, "यातला कुठला दावा तपासायचाय ते बोला."