हा ससा रानातला की पाळलेला?

मराठीत ससा, उर्दूत खरगोश. रानातला असो की पिंजऱ्यातला, शब्द एकच, म्हणून घोटाळा होतो. परवा आठवीतल्या मुलीने येडशीजवळच्या तुरीच्या शेतातले दोन फोटो दाखवले. "सर, कुणाचा तरी ससा सुटलाय. पकडून आणू?"

रंग मातकट होता, पण पाळीव सशातही तो असतो. म्हणून आधी कान पाहिले. कान मनातल्या मनात पुढे वाकवायचा. रानसशाचा कान नाकाच्या टोकापर्यंत किंवा पुढे जातो, पाळीवाचा बहुधा अलीकडेच थांबतो. पण पहिल्या फोटोत तो दबून बसला होता आणि कान पाठीला चिकटलेले होते. तिथे माप धरता येत नाही.

दुसऱ्या फोटोत तो पळत होता. कान ताठ आणि डोक्याहून लांब, मागचे पाय लांबसडक, अंग सडपातळ. पाळीव ससा आखूड पायांचा, गोलमटोल दिसतो. मानेमागे काळा पट्टाही होता. रानससाच तो! १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडायला बंदी आहे.

पिल्लाच्या बाबतीत मात्र सावध राहा. त्याचे कान आखूड आणि अंग गोल असते, त्यामुळे ते पाळीवच वाटते. आई त्याला दिवसभर गवतात एकटे ठेवते आणि अंधार पडू लागला की दूध पाजायला येते. अनाथ समजून ते घरी आणू नका. फोटो काढा आणि मागे फिरा.