‘डिग्री चालते’ म्हणजे नेमकं काय?

‘जर्मनीला नर्स हव्यात, तुमची डिग्री तिथे चालते,’ असे मेसेज सध्या कॉलेजच्या ग्रुप्सवर फिरतायत. गरज खोटी नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करारही केला. पण ‘चालते’ हा शब्द फसवा आहे.

तिथे नर्सिंग हा कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे. आपली पदवी आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असली, तरी तेवढ्यावर तिथे नर्स म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी वेगळी मान्यता लागते आणि ती नोकरी जिथे आहे, त्या राज्याचं सरकारी कार्यालय देतं.

समजा, सांगलीच्या एका मुलीने बीएस्सी नर्सिंग करून अर्ज केला. ते कार्यालय तिची टक्केवारी बघत बसत नाही. कोणत्या विषयाला किती तास, कोणत्या वॉर्डात किती तास प्रत्यक्ष काम, हे तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. त्यामुळे तासांची नोंद असलेलं ट्रान्सस्क्रिप्ट कॉलेजमधून आधीच काढून ठेवायला हवं. वृद्धांच्या सेवेचे तास कमी भरले, तर तसं लेखी पत्र येतं. मग दोन वाटा उरतात: तिथल्या रुग्णालयात काही महिने पूरक प्रशिक्षण, नाहीतर तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी परीक्षा. शिवाय जर्मन भाषा, साधारणपणे बी-२ पातळीची. हे सगळं पूर्ण होईपर्यंत ती तिथे सहाय्यक म्हणून काम करते आणि पगारही सहाय्यकाचाच मिळतो. एजंट जो आकडा दाखवतो, तो बहुतेकदा मान्यतेनंतरचा असतो.

इंजिनीअरचं गणित वेगळं आहे. खासगी कंपनीत काम करायला तिथे अशी मान्यता लागत नाही, मात्र व्हिसासाठी पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे हे दाखवावं लागतं. anabin या सरकारी डेटाबेसमध्ये कॉलेजचं नाही, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव शोधा. नावापुढे H+ हवं. पण तेवढ्यावर थांबू नका, तुमची पदवीही त्यात वेगळी तपासा. ती यादीत नसेल, तर तुल्यतेचं प्रमाणपत्र फी भरून मागवावं लागतं.

म्हणून पैसे भरण्याआधी एजंटला तीनच प्रश्न विचारा. नोकरी कोणत्या राज्यात? मान्यता देणारं कार्यालय कोणतं? करारात पहिल्या दिवसाचं पद आणि पगार काय लिहिलाय? मग तीच उत्तरं anerkennung-in-deutschland.de या सरकारी संकेतस्थळावर पडताळा. तिथे आपला व्यवसाय आणि नोकरीचं गाव टाकलं की संबंधित कार्यालयाचं नाव दिसतं. एजंटने सांगितलेलं नाव त्याच्याशी जुळत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.